भेटतो तर आहोत, पण हे आहे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात समुपदेशनाचं काम करते. गेली काही वर्षं पंचविशीतिशीतली मुलं-मुली एकाच गोष्टीसाठी येऊन बसतात: आठवड्यातून दोनदा भेटतो, रात्री तास-तास बोलतो, आणि हे नेमकं काय चाललंय ते दोघांपैकी कुणीच बोललेलं नाही. यालाच हल्ली सिच्युएशनशिप म्हणतात. फिरून फिरून विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर मुख्यतः एकाच गोष्टीवर आहे, ती म्हणजे विचारायचं कसं.

सिच्युएशनशिप म्हणजे नेमकं काय? मी त्यात आहे हे कसं ओळखायचं?

महिने मोजून कळत नाही. पाच आठवड्यांपूर्वी भेट झाली आणि अजून काही ठरलेलं नाही, तर ती नुसती सुरुवात आहे, तिला वेगळ्या नावाची गरज नाही. मी एक साधी खूण विचारते. रविवारी भेटायचं ठरलं आणि ती व्यक्ती आलीच नाही, फोनही नाही, तर तुम्हाला रागवायचा हक्क आहे का? "आहे" असं चटकन म्हणता आलं, तर तुमच्यात काहीतरी ठरलेलं आहे. "राग तर येईल, पण मी कोण बोलणारी?" असं वाटलं, तर तुम्ही त्यात आहात. सवय नात्याची आणि हक्क ओळखीचे, अशी ती गोष्ट आहे.

दुसरी खूण तिसऱ्या माणसासमोर दिसते. सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर गाडी बदलताना मावसबहीण भेटते आणि तुम्ही ओळख करून देता, "हा... माझा मित्र." त्या मधल्या थांबण्याकडे लक्ष द्या. साध्या मित्राची ओळख करून देताना कुणी थांबत नाही.

विचारलं तर आहे तेही हातचं जाईल, ही भीती खरी आहे का?

थोडी खरी आहे, आणि ती तुम्हाला एकट्यालाच वाटते असंही नाही. लेस्ली बॅक्स्टर आणि विल्यम विल्मॉट या अमेरिकी संशोधकांनी १९८५ मध्ये एक अभ्यास मांडला होता: जवळची माणसं आपसात कोणते विषय टाळतात? सगळ्यात जास्त टाळला जाणारा विषय निघाला "आपल्या नात्याची सद्यस्थिती". म्हणजे माणसं आधीची प्रकरणं, भांडणं यांच्यापेक्षाही "आपलं काय आहे" हे बोलायला जास्त कचरतात, कारण बोलल्यानं नातं मोडेल असं वाटतं.

विचारल्यावर कधीकधी भेटी थांबतात. मी खोटा दिलासा देणार नाही. पण थांबल्या त्या प्रश्नामुळे, असं मला वाटत नाही. एकजण काही महिने एका गोष्टीसाठी येत होता आणि दुसरी दुसऱ्या गोष्टीसाठी, ते फक्त त्या दिवशी समोर आलं.

न विचारता, नुसतं निरीक्षण करून कळणार नाही का?

इथेच बहुतेकांचे महिने जातात. याच दोघा संशोधकांनी १९८४ मध्ये अशा लपून घेतलेल्या परीक्षांवर लिहिलं होतं. माणूस सरळ विचारत नाही, समोरच्याची गुपचूप परीक्षा घेतो. दोन दिवस मेसेज करायचा नाही आणि तो करतो का ते बघायचं. दुसऱ्या कुणाचं नाव मुद्दाम काढायचं आणि चेहरा वाचायचा. मैत्रिणीला सांगायचं, "तू काढून घे त्याच्याकडून." गमतीत म्हणायचं, "आपली जोडी जमेल ना?" आणि समोरचा हसला तर त्या हसण्याचा अर्थ रात्रभर लावायचा.

अडचण अशी की समोरच्याला परीक्षा चालू आहे हेच माहीत नसतं. तुम्ही तीन दिवस गप्प राहिलात तेव्हा त्याला वाटलं, मार्चअखेर आहे, कामात असेल, त्रास नको द्यायला. तुमच्या हिशेबात तो नापास झाला. किंवा उलट, तिनं दुसऱ्याचं नाव ऐकून तोंड वाकडं केलं आणि तुम्ही समजलात, प्रेम आहे. मत्सर तर कुणालाही होतो, ज्यांना नातं नको असतं त्यांनाही. ती परीक्षा दुसरंच काहीतरी मोजते.

तरी निरीक्षण अगदीच वाया जात नाही. एका गोष्टीकडे मी बघायला सांगते: भेट कोण ठरवतं आणि किती आधी. बुधवारी रात्री साडेनऊला येणारं "कुठे आहेस?" आणि सोमवारी विचारलेलं "रविवारी सकाळी मोकळी आहेस का?" यात फरक आहे. पण यानं इतकंच कळतं की विचारायला जागा आहे की नाही. उत्तर नाही कळत.

विचारण्याआधी मी काय करायचं?

आधी स्वतःला विचारायचं. लीअॅन नोब्लॉक आणि डेनीस सॉलोमन यांनी १९९९ मध्ये नात्यातल्या अनिश्चिततेचे तीन भाग वेगळे केले होते: मला काय हवंय हे मला ठाऊक नाही, त्याला काय हवंय हे मला ठाऊक नाही, आणि या नात्याचे नियम काय, पुढे काय, हे ठाऊक नाही. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण दुसऱ्या भागाबद्दल बोलतो. "ताई, त्याच्या मनात काय असेल?" आणि अर्ध्या तासानं निघतं की गाठ पहिल्या भागात आहे.

म्हणून एक कागद घ्या. वर लिहा: "उद्या तो स्वतःहून हो म्हणाला." खाली लिहा, परवापासून काय बदलेल. कुणाला सांगाल? घरी स्थळं येताहेत त्यांचं काय कराल? त्याच्या कोणत्या सवयी आत्ता "आपल्याला काय करायचंय" म्हणून सोडून देता, त्या तेव्हा चालतील का? एका मुलानं हे लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "मला ती हो म्हणायला नको आहे. तिनं मला विचारावं, एवढंच हवं आहे." त्याला पुढचं काही विचारायची गरजच उरली नाही. तिला मात्र खरं सांगण्याची होती, आणि त्यानं सांगितलंही.

नेमकं कोणत्या शब्दांत विचारायचं?

"आपलं काय आहे?" असं विचारू नका. वाक्य चुकीचं नाही, पण त्यात सगळं ओझं समोरच्यावर जातं. तुम्ही मनातलं एक अक्षर सांगितलेलं नसतं, आणि त्यानं मात्र नाव ठेवायचं. अशा वेळी माणूस सगळ्यात सुरक्षित उत्तर देतो: "जे आहे ते छान आहे ना." आणि तुम्ही मान डोलावता. आणखी चार महिने.

मी तीन वाक्यं सांगते, याच क्रमानं. पहिलं, दोघांनाही मान्य असलेली गोष्ट. दुसरं, स्वतःचं. तिसरं, प्रश्न. उदाहरणार्थ: "आपण दिवाळीपासून दर आठवड्याला भेटतो. मला तू आवडतोस आणि मला हे नातं म्हणून हवंय, दुसऱ्या कुणाला न भेटता. तुला काय हवंय?"

मग गप्प बसायचं. हे चौथं काम सगळ्यात अवघड आहे. दहा सेकंद शांतता झाली की आपण घाबरून स्वतःच उत्तर देऊन टाकतो, "नाही म्हणजे, घाई नाहीये, असंच विचारलं." तिथे प्रश्न मेला.

दुसऱ्या वाक्यात "नातं" म्हणजे काय, ते तुमच्या अर्थानं सांगा. कुणासाठी त्याचा अर्थ दुसऱ्या कुणाला न भेटणं, कुणासाठी वर्षभरात घरी बोलणं. शब्द एक आणि अर्थ दोन निघाले, तर "हो" मिळूनही गोंधळ तसाच राहतो.

कुठे आणि केव्हा बोलायचं?

व्हॉट्सअॅपवर नाही, कारण निळ्या टिका बघत बसणं म्हणजे स्वतःला शिक्षा. रात्री अकरानंतर नाही. जवळीक झाल्यावर लगेच नाही, तेव्हा "हो" फार स्वस्त असतं. धरमपेठेतल्या भरलेल्या कॅफेतही नको, शेजारच्या टेबलावर तुमच्या काकूंची भिशी निघू शकते. नागपूर मोठं झालं असलं तरी इतकंही नाही.

चालताना बोलणं सोपं जातं, कारण सारखं डोळ्यांत बघावं लागत नाही. सकाळी सेमिनरी हिल्सला किंवा संध्याकाळी फुटाळ्याच्या काठानं, गर्दी नसेल त्या वेळी. उन्हाळ्यात सकाळच ठरवा. मे महिन्यातल्या संध्याकाळी सहा वाजताही डोकं तापलेलंच असतं, हे विनोदानं म्हणत नाहीये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: आपली गाडी आपण घेऊन जा. त्याच्या गाडीवर मागे बसून गेलात आणि उत्तर "नाही" आलं, तर पुढचे पंचवीस मिनिटं त्याच्याच खांद्यामागे बसून घरी यावं लागतं. हा सल्ला फालतू वाटतो. ज्यांच्यावर ती वेळ आली आहे त्यांना विचारा.

एखादं खरं उदाहरण?

तपशील बदलून सांगते, तिच्या परवानगीनं. ती सव्वीस वर्षांची, रामदासपेठेत एका सीएच्या ऑफिसात कामाला. तो मिहानमधल्या कंपनीत. दिवाळीनंतर एका मित्राच्या लग्नात ओळख झाली. तेव्हापासून बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी भेट, रविवारी बहुतेक तर्री पोह्यांवर. सात महिने झाले होते. घरी तिच्यासाठी बायोडेटा फिरायला लागला होता.

एप्रिलमध्ये तिनं तीन दिवस मेसेज केला नाही. त्यानंही केला नाही. चौथ्या दिवशी तो ऑफिसखाली आंब्याची पेटी घेऊन उभा. ती मला म्हणाली, "आता याचा अर्थ काय लावू?" मी म्हटलं, आंबा आणलाय एवढाच लाव.

तिनं आधी अकरा ओळींचा मेसेज लिहिला होता. तो आम्ही दोघींनी वाचला. त्यात त्याच्या सात चुका होत्या, आणि तिला काय हवंय हे एकदाही नव्हतं. तिनं तो पुसला आणि कागदावर तीन वाक्यं लिहिली. जूनच्या एका रविवारी सकाळी साडेसहाला दोघं आपापल्या अॅक्टिव्हानं सेमिनरी हिल्सला गेले. तिनं वाक्यं म्हटली. दुसरं म्हणताना आवाज फुटला, पण म्हटलं.

तो म्हणाला, "मस्त चालून राहिलं ना आपलं. कशाला नाव द्यायचं?"

इथे ती पूर्वी हसून विषय बदलायची. या वेळी म्हणाली, "तुझं चालून राहिलं. माझं नाही." आणि गप्प राहिली. तिच्या म्हणण्यानुसार एक आख्खं वळण ते न बोलता चालले. मग त्यानं सांगितलं की पुण्याच्या एका नोकरीचं दोन महिन्यांपासून चालू आहे, म्हणूनच तो काही बोलत नव्हता. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं.

तिला राग आला, पण तिनं एकच विचारलं, "ते कधी कळणार?" १५ जुलैपर्यंत. "मग त्यानंतरच्या रविवारी बोलू. तोवर बुधवार बंद." बुधवार बंद करण्यात शिक्षा नव्हती. उत्तर मिळेपर्यंत अर्धवट नात्यातली सवय वाढत जाऊ नये, इतकंच.

तो जुलैच्या पहिल्याच आठवड्यात आला. नोकरी मिळाली होती. जाणार होता, आणि पुणे-नागपूर असं नातं त्याला नको होतं. साध्या शब्दांत सांगितलं, याचं श्रेय मी त्याला देते. ती घरी येऊन दोन दिवस रडली. नंतर माझ्याकडे आली तेव्हा तिला ज्याचा सगळ्यात जास्त त्रास होत होता ती गोष्ट त्याचा नकार नव्हती. "दोन महिने त्याला माहीत होतं आणि मी बायोडेटे मागे टाकत होते," ती म्हणाली. विचारलं एप्रिलमध्ये असतं, तर हे एप्रिलमध्येच कळलं असतं.

"मला माहीत नाही, थोडा वेळ दे" असं म्हटलं तर?

खरोखर माहीत नसणंही असतं. म्हणून लगेच नकार समजू नका, आणि लगेच आशाही धरू नका. एकच विचारा: "तेव्हा तुला काय कळलेलं असेल, जे आज कळत नाहीये?"

याला ठोस उत्तर आलं, तर वेळ देण्यात अर्थ आहे. परीक्षेचा निकाल, बदलीचं पत्र, आधीचं नातं नीट संपवणं, आईचं ऑपरेशन पार पडणं. यांना तारीख असते. "बघू ना, असंच, मनाची तयारी" असं आलं, तर थांबून नवीन काही कळणार नाही. तो वेळ नुसता जातो.

मुदत तुम्ही ठरवा, बहुधा तीन-चार आठवडे पुरतात, आणि ती सांगून ठेवा. धमकीच्या सुरात नको. "मी महिनाभर थांबते, मग मी माझं ठरवीन" इतकं बस. मुदत संपल्यावर स्वतः ती पाळणं, हा खरा भाग आहे. मुदत तीनदा वाढवली की समोरच्यालाही कळतं, ती नावापुरती आहे.

"घरचे ऐकणार नाहीत" हे कारण खरं मानायचं का?

अनेकदा खरं असतं. जात, धर्म, पैसा, दोघंही मुली किंवा दोघंही मुलगे असणं, यातल्या कशानंही घरी सांगणं अवघड होतं, कधी धोक्याचंही. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक, दोघांमध्ये ठरणं. दुसरी, जगाला सांगणं. दुसरी थांबू शकते. पहिलीला घरच्यांची परवानगी लागत नाही.

"आपण एकमेकांचे आहोत, घरी सांगायला मला वेळ लागेल" हे स्पष्ट उत्तर आहे, ते पटो न पटो. "घरचे ऐकणार नाहीत, म्हणून नावच नको" यात मात्र घरच्यांच्या नावानं स्वतःचं उत्तर टाळलेलं असू शकतं. धोका नसेल तिथे मी विचारते, एका तरी माणसाला सांगितलंय का? बहीण, चुलतभाऊ, जुना मित्र. वर्षभरात एकही नाही, तर तुम्ही त्याच्या आयुष्यात नक्की कुठे आहात, हे विचारायला हरकत नाही.

शारीरिक जवळीक आहे, पण नातं ठरलेलं नाही. मग?

नात्याचं बोलणं पुढे ढकलता येईल, हे नाही. "तू आणखी कुणासोबत आहेस का?" हा प्रश्न आरोग्याचा आहे आणि त्यासाठी प्रेमाची कबुली लागत नाही. निरोध वापरा. एचआयव्हीची तपासणी मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात मोफत होते आणि माहिती गोपनीय राहते. संबंधानंतर लगेच केलेल्या तपासणीत नुकताच झालेला संसर्ग दिसेलच असं नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगतात. हे विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याबद्दल तुम्हाला एक गोष्ट तिथेच कळली.

आणि मीच ती व्यक्ती असेन, जी स्पष्ट बोलत नाही?

मग समोरच्यानं विचारायची वाट बघू नका. "मला तुझ्यासोबत वेळ घालवायला आवडतं, पण मला यातून पुढे जायचं नाहीये" हे वाक्य म्हणायला वाईट वाटतं, ऐकायला त्याहून वाईट. तरी म्हणा. मोघम राहणं म्हणजे दयाळूपणा, हा गैरसमज मला मुलांमध्ये जास्त दिसतो. मुलींमध्येही दिसतो, तिथे त्याला "त्याला दुखवायचं नव्हतं" म्हणतात.

उत्तर "नाही" आलं, तर मित्र म्हणून राहता येतं का?

काही जणांना येतं, पण दुसऱ्याच दिवसापासून नाही. "आपण मित्र राहू" म्हणून रविवारचे पोहे तसेच चालू ठेवले, तर जुनीच गोष्ट नकारासकट चालू राहते, आणि आता तुम्हाला विचारायचीही सोय उरत नाही. निदान दोन महिने मध्ये जाऊ द्या. एकमेकांचे स्टेटस दिसणार नाहीत असं करून ठेवा, ब्लॉक करायची गरज नाही. तो शहरातच असेल तर जागा वाटून घ्या, अगदी बोलून: फुटाळा तुझा, सेमिनरी हिल्स माझी. हसू येतं ऐकून, पण ज्यांनी असं वाटून घेतलं त्यांना शंकरनगर चौकात सिग्नलला अचानक शेजारी थांबल्यावर निदान हात हलवता आला.